अडखळणारा अंगठा

घामाने बोट निसटतं, असं आपण धरून चालतो. फोनवर तासन्‌तास बीजीएमआय खेळणाऱ्या मुलांना विचारलं तर तक्रार नेमकी उलटी ऐकू येते. पहिल्या मॅचला बोट काचेवरून सुळसुळ फिरतं. तिसऱ्या मॅचपर्यंत ते जड होतं. आणि शेवटच्या झोनमध्ये, चारच टीम उरलेल्या असताना, उजवा अंगठा ओढायला जावं तर तो अर्ध्या वाटेत चिकटतो, जोर लावला की एकदम सुटतो आणि हवा होता त्यापेक्षा बोटभर लांब जातो. नेम समोरच्याच्या डोक्यावर न्यायचा होता, गेला त्याच्या मागच्या झाडावर. मग दुकानात जाऊन कुणी मॅट ग्लास बसवून घेतं, कुणी ऑनलाइन फिंगर स्लीव्ह मागवतं, आणि बरेचजण दोन्ही एकदम करून आणखी वैतागतात. असं का होतं हे कळलं तर दोनशे-तीनशे रुपयांत काम भागतं, म्हणून आधी बोटाकडेच बघू.

तळहात आणि बोटांच्या टोकांना तेलग्रंथी नसतात. स्क्रीनवर जो तेलकट थर दिसतो तो चेहऱ्यावरून, केसांतून आणि वेफर्सच्या पाकिटातून आलेला असतो. बोटाचं स्वतःचं जे काही आहे ते घाम, आणि त्याची छिद्रं ठशांच्या कंगोऱ्यांवरच उघडतात, म्हणजे बोट काचेला जिथे टेकतं नेमकं तिथे. शिवाय तळहाताचा घाम उकाड्याइतकाच मनावरच्या ताणाला उत्तर देतो. म्हणून एसी लावलेल्या खोलीत पाठ कोरडी असते पण अंगठे ओले होतात, आणि तेही नेमके अटीतटीच्या वेळी. त्यात तासभर गेम चालवून फोन तापलेला असतो, आणि जुलैमधल्या मुंबईत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे आलेला घाम उडून जायलाही तयार नसतो.

आता घर्षणाचं बघा. कोरड्या कातडीचा वरचा थर कडक असतो. ठशांचे कंगोरे ताठ राहतात आणि काचेला फक्त त्यांचे माथे टेकतात. टेकणारं क्षेत्र कमी, म्हणून बोट सहज सरकतं. कातडी ओलसर झाली की हाच थर पाणी शोषून मऊ पडतो, कंगोरे दबून सपाट होतात, आणि काचेला टेकणारं क्षेत्र वाढत जातं. ओलसर बोटाचं काचेवरचं घर्षण कोरड्या बोटाच्या दुप्पट-तिप्पट सहज होतं. काच पाणी शोषत नाही, त्यामुळे बोटाखाली अडकलेला ओलावा तिथेच राहतो, आणि बोट काही सेकंद टेकून ठेवलं तरी पकड वाढत जाते. गेममध्ये डावा अंगठा जॉयस्टिकवर जवळजवळ कायम टेकलेलाच असतो, हे लक्षात घ्या. याच्याही पुढे जाऊन बोट अगदी निथळायला लागलं तर मग पाण्याचा थर वंगणाचं काम करतो आणि बोट खरोखर घसरतं. म्हणजे कोरडं बोट सरकतं, दमट बोट चिकटतं, निथळतं बोट घसरतं. तासाभराच्या खेळात अंगठा या तिन्ही अवस्थांमधून जातो, आणि मध्येच टी-शर्टला पुसला की पुन्हा मागे येतो.

त्रास आहे तो या सततच्या बदलाचा. कॅरम खेळणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. बोर्ड एकसारखा जड असेल तर तो दहा मिनिटांत हात बसवतो, पण पावसाळ्यात एक कोपरा दमट आणि बाकी बोर्ड गुळगुळीत असेल तर कितीही चांगला खेळाडू असो, त्याचा स्ट्रायकर फसतो. फोनवरच्या खेळाडूचंही तसंच आहे. अंगठ्याला किती जोर लावायचा हे हाताच्या सवयीतून आलेलं असतं, आणि ती सवय एका ठरावीक घर्षणाला धरून बसलेली असते. तेव्हा खरेदी करताना ‘सगळ्यात गुळगुळीत कोणतं’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. पहिल्या मिनिटाला जसं लागतं तसंच साठाव्या मिनिटाला कोणतं लागेल, हा खरा प्रश्न आहे.

घामाचा दुसरा उपद्रव घर्षणाशी संबंधित नाही. स्क्रीनच्या आत पारदर्शक विद्युतवाहक रेघांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथल्या विद्युतभारात किंचित फरक पडतो, आणि त्यावरून फोन बोटाची जागा ओळखतो. पण घाम म्हणजे खारं पाणी, तेही विजेचं वाहक. बोटाला लागून घामाचा ओघळ पसरला असेल तर फोनला बोट आहे त्यापेक्षा मोठं किंवा बाजूला सरकलेलं भासतं. एखादा थेंब फायर बटणाजवळ साचला तर हात न लावता गोळी सुटते, नाहीतर दाबूनही सुटत नाही. मुलं याला घोस्ट टच म्हणतात. बोट अडखळणं आणि टच गडबडणं या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, त्यांचे उपायही काहीसे वेगळे आहेत, आणि बहुतेक चुकीची खरेदी त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होते.

आता काच. दुकानात समोर चार प्रकार येतात. साधी चकचकीत टेम्पर्ड ग्लास, मॅट टेम्पर्ड ग्लास, मॅट फिल्म (हिला बरेच दुकानदार सिरॅमिक मॅट म्हणतात, प्रत्यक्षात ती वाकणारी प्लॅस्टिकची फिल्म असते) आणि मऊ हायड्रोजेल किंवा टीपीयू फिल्म.

शेवटचीपासून सुरुवात करतो, कारण तिचा निकाल चटकन लागतो. टीपीयू मऊ असते, वक्र कडांच्या स्क्रीनवर छान बसते, बारीक ओरखडे आपोआप भरून येतात. पण मऊ पृष्ठभागात बोट किंचित रुततं आणि पकड वाढते. दमट अंगठ्याला यापेक्षा वाईट काही नाही. फोन वक्र स्क्रीनचा असेल आणि दुसरं काही बसतच नसेल तर ती वापरावी, आणि मग स्लीव्हशिवाय खेळू नये.

चकचकीत काचेचं सगळं यश तिच्यावरच्या एका लेपावर अवलंबून असतं. फ्लोरिनयुक्त रसायनाचा हा अतिशय पातळ थर पाणी आणि तेल दोन्हींना काचेवर पसरू देत नाही. २००९ मध्ये आयफोन ३जीएसच्या स्क्रीनला असा लेप दिला गेला, आणि आज तो फोनच्या मूळ काचेवरही असतो आणि बऱ्या प्रतीच्या टेम्पर्ड ग्लासवरही. अडचण अशी की हा लेप घासण्याने झिजतो, आणि झिजतो तो नेमका दोन्ही अंगठे फिरतात तिथे. रोज दोन-तीन तास खेळणाऱ्याच्या स्वस्त काचेवर काही आठवड्यांतच अंगठ्यांच्या जागी लेप गेलेला असतो आणि मधल्या भागात शाबूत असतो. कॅरमचा तो दमट कोपरा इथे तयार होतो.

लेप आहे की गेला हे बघायला बोटाने एक थेंब पाणी काचेच्या मधोमध टाकावं आणि दुसरा उजव्या अंगठ्याच्या जागी. लेप असेल तिथे थेंब गोलसर, फुगीर राहतो आणि फोन तिरपा केला की घरंगळतो. लेप गेला असेल तिथे तो चपटा होऊन पसरतो आणि मागे ओली रेघ सोडतो. दोन्हीकडे थेंब सारखा दिसला तर काच अजून चालेल. फरक दिसला तर पुसून काही उपयोग नाही, काच बदलायची वेळ आली आहे. बाटलीतून मिळणारे लेप पुन्हा चढवता येतात खरे, पण घरी लावलेला थर कारखान्यातल्यासारखा घट्ट बसत नाही. नवी काच त्यापेक्षा फार महाग पडत नाही.

पाकिटावरच्या ‘9H’ला या सगळ्यात अर्थ नाही. तो पेन्सिलने ओरखडा पडतो का या चाचणीतला आकडा आहे, बोट सरकण्याशी त्याचा संबंध नाही. ‘9D’, ‘11D’ हे तर मोजमापच नाही. त्याऐवजी दुकानदाराला एवढंच विचारावं की गोंद पूर्ण काचेला आहे की फक्त कडेला. फक्त कडेला चिकटवलेल्या काचेखाली मध्ये हवेची पातळ फट राहते. त्यामुळे टचचा सिग्नल क्षीण होतो, आणि स्लीव्ह घातली की आणखी क्षीण. खेळायचं असेल तर पूर्ण गोंदाचीच काच घ्यावी. जाडी साधारण ०.३३ मिलिमीटर असते, तेवढी ठीक.

मॅट काचेची युक्ती वेगळी. तिच्या पृष्ठभागावर अगदी बारीक खडबड केलेली असते, त्यामुळे बोट मऊ पडलं तरी सगळीकडे टेकत नाही, फक्त उंचवट्यांवर टेकतं. कोरड्या बोटाला ती चकचकीत काचेपेक्षा किंचित जड लागते, पण बोट दमट झाल्यावर तिचं घर्षण तितकंसं वाढत नाही. सारखेपणा हाच निकष लावला तर उघड्या बोटाने खेळणाऱ्याला मॅट ही सरळ उत्तम निवड आहे. त्याची किंमत डोळ्यांना मोजावी लागते. चित्र थोडं धुरकट होतं, पांढऱ्या भागावर रवाळ चमक दिसते, आणि लांबच्या गवतात झोपलेला गडी ओळखायला अर्धा क्षण जास्त लागतो. स्क्रीनखाली ठशाचा सेन्सर असेल तर तोही कधी कधी कुरकुरतो.

मॅटमध्ये काच आणि फिल्म हा फरकही महत्त्वाचा आहे. फिल्म स्वस्त आणि न फुटणारी, पण मऊ. अंगठ्यांच्या जागी तिची खडबड घासून गुळगुळीत होते. उजेडात फोन तिरपा धरला की तिथे दोन चकाकणारे डाग दिसतात. ते दिसले की तिचं आयुष्य संपलं. काचेतच खडबड कोरलेली असेल तर ती पुष्कळ जास्त टिकते.

आता स्लीव्ह. सुरुवातीला पाहणाऱ्याला हा प्रकार जरा हास्यास्पद वाटतो. अंगठ्याला टोपडं घालून बसलेला विशीतला मुलगा पाहून घरातल्या आजीला लागलंय का काही, असं वाटणं साहजिक आहे. पण कल्पना सोपी आहे. घामाने बदलत राहणारी कातडी काचेपासून दूर ठेवायची आणि तिच्या जागी न बदलणारं कापड आणायचं. नायलॉन-स्पॅन्डेक्सच्या धाग्यावर घामाचा तसा परिणाम होत नाही. तो कातडीसारखा मऊ होऊन सपाट पडत नाही, आणि काचेवरून एकाच लयीत सरकतो. शिवाय घामाचे थेंब काचेपर्यंत पोहोचत नसल्यामुळे घोस्ट टचही कमी होतो.

नुसत्या कापडातून टच लागणार नाही, म्हणून विणीत वीज वाहून नेणारा धागा मिसळलेला असतो. बहुतेक वेळा तो चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन असतो, स्वस्त मालात कार्बनचा. चांदीचा धागा जास्त चांगला वाहक आहे आणि विण पातळ ठेवता येते. कार्बनचा काळसर, थोडा जाड, पण मुलामा उडण्याची भीती त्यात नाही. पाकिटावर ‘18 needle’, ‘24 needle’ असं काही छापलेलं असतं. ते विणण्याच्या यंत्राचं माप आहे, आकडा मोठा तितकी वीण बारीक. दाखवायचाच आकडा असेल तर हा बघावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे माप. स्लीव्ह सैल असेल तर अंगठा आत फिरतो आणि कापड जागच्या जागी राहतं, म्हणजे पुन्हा तेच अडखळणं, फक्त आता कातडी आणि कापडाच्या मध्ये. फार घट्ट असेल तर अर्ध्या तासात टोक बधिर व्हायला लागतं. घातल्यावर टोकाशी कापडाची घडी पडू नये आणि काढल्यावर कातडीवर खोल वळ उठू नये, इतपत माप हवं. टोकाला शिवण असेल तर ती नखाकडे येईल अशी फिरवून घालावी. शिवण काचेला टेकली की दर वेळी वेगळा स्पर्श होतो.

इथपर्यंत काच आणि स्लीव्ह वेगवेगळ्या पाहिल्या, पण निवड जोडीने करायची असते, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. मॅट काच उघड्या बोटासाठी आहे. चकचकीत काच स्लीव्हसाठी आहे. मॅटवर स्लीव्ह घातली की धागे खडबडीत अडकतात, बोट खरखरत जातं, आणि कापड व मॅट दोघांची झीज एकदम होते. फिल्म असेल तर ती आणखी लवकर चकाकू लागते. उलट नव्या चकचकीत काचेवर उघड्या दमट अंगठ्याने खेळणारा पहिल्या मॅचला खूश असतो आणि तिसऱ्या मॅचला वैतागतो, ते का हे वर आलंच आहे. दुकानदार दोन्ही एकदम विकतो, त्यात त्याचा काही दोष नाही. मात्र दोन चांगल्या वस्तू एकत्र केल्या की फायदा दुप्पट होतो, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

ठाण्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. तो चार बोटांनी खेळतो. डावा अंगठा चालवायला, उजवा अंगठा नेम फिरवायला, डाव्या तर्जनीने गोळी आणि उजव्या तर्जनीने स्कोप. फोनवर मॅट फिल्म लावलेली, तिच्यावर अंगठ्यांच्या जागी चकाकणारे दोन डाग, आणि दोन्ही अंगठ्यांना बाजारातून आणलेल्या चंदेरी स्लीव्ह. तक्रार अशी की ओढताना नेम मध्येच थांबतो. ‘‘मामा, फोनच बदलायला लागेल आता,’’ असं त्याचं निदान होतं. त्यात आईकडून मंजुरी मिळवण्याचा डाव असावा, पण तपासायला हरकत नव्हती.

अँड्रॉइडमध्ये यासाठी फुकटचं साधन आहे. Settings मध्ये About phone उघडून Build number वर सात वेळा टॅप केलं की Developer options चालू होतात (काही कंपन्यांच्या फोनमध्ये हा नंबर आणखी एक पायरी आत असतो किंवा त्याचं नाव थोडं वेगळं असतं). त्यात Pointer location चालू करायचं. आता बोट फिरेल तशी स्क्रीनवर रेघ उमटते, आणि वरच्या पट्टीत P: च्या पुढे फोनला किती बोटं दिसताहेत ते येतं. आयफोनवर हे नाही, तिथे चित्र काढायच्या कुठल्याही ॲपमध्ये रेघ ओढून अंदाज घेता येतो.

चाचणीआधी चार्जर काढायचा. साधा, बिनभरवशाचा चार्जर लावून खेळलं तर त्याच्या विजेतला गोंधळ टचच्या मोजणीत मिसळतो, आणि नेम थरथरतो. बरीच मुलं बॅटरी संपते म्हणून चार्जर लावूनच खेळतात आणि खापर काचेवर फोडतात. मग हात धुऊन, पूर्ण कोरड्या उघड्या अंगठ्याने उजवीकडे खालून वर तिरपी रेघ ओढायची, शक्य तितकी सावकाश. भरभर ओढलेल्या रेघेत दोष लपतात. भाच्याची ही रेघ एकसंध आली. म्हणजे फोन आणि त्यावरची फिल्म टचच्या बाबतीत ठीक होती.

त्यानंतर तीच रेघ स्लीव्ह घालून. आता ती अर्ध्यात नाहीशी होऊन नव्याने सुरू व्हायची, आणि P: पुढचा आकडा क्षणभर शून्य व्हायचा. म्हणजे फोनच्या लेखी अंगठा उचलला गेला होता. स्लीव्ह बोटावर थोडी फिरवून, न वापरलेली बाजू काचेकडे आणली आणि पुन्हा ओढली तर रेघ सलग. टोकाच्या ज्या भागावर रोज घासणी होते तिथला चांदीचा मुलामा उडाला होता, एवढंच. नव्या स्लीव्हने रेघ तुटली नाही, पण अंगठा फिल्मवर खरखरत, अडखळत जात होता, आणि चकाकलेल्या डागावर आला की एकदम सैल. म्हणजे त्याच्याकडे दोन दुखणी होती. स्लीव्ह झिजल्यामुळे टच तुटत होता, आणि जोडी चुकल्यामुळे बोट अडत होतं. फिल्म काढून पूर्ण गोंदाची साधी चकचकीत काच बसवली, नव्या स्लीव्ह घातल्या, आणि दोन्ही तक्रारी संपल्या. फोन तोच राहिला, याचं त्याला थोडं वाईट वाटलं असावं.

त्यातला एक तपशील सांगण्यासारखा आहे. तर्जन्यांना त्याने स्लीव्ह घातल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. तर्जनी टॅप करते, ओढत नाही. टॅपला घर्षण नको असतं तसं ते आडही येत नाही, आणि उघड्या बोटाला बटणाची जागा जास्त नेमकी जाणवते. सरकण्याची खरी गरज उजव्या अंगठ्याला, कारण लांब ओढ त्याचीच असते. डाव्याची हालचाल छोट्या गोलातली. फक्त ज्यांच्या तर्जनीखाली घाम साचून गोळी आपोआप सुटते, त्यांनी तर्जनीलाही घालावी. जायरोस्कोप Always On ठेवून मनगट फिरवत नेम लावणाऱ्यांचं अंगठा ओढण्याचं काम बरंच कमी होतं. त्यांना उघडा अंगठा आणि मॅट काच पुरते, स्लीव्हची गरज पडत नाही.

नवी जोडी घातल्यावर पहिला मोह होतो तो सेन्सिटिव्हिटी बदलण्याचा. अंगठा जास्त सैल झाल्यामुळे नेम पुढे जातो आणि वाटतं आकडा जास्त झाला. पण गेम मोजतो ते अंगठा काचेवर किती अंतर सरकला ते. घर्षण बदललं तरी तेवढ्याच अंतराला नेम तेवढाच फिरतो. बदललाय तो हाताचा जोर. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये एका भिंतीकडे तोंड करून मागे वळायचा सराव दोन-तीन दिवस करावा. पूर्ण मागे वळायला अंगठा जिथून जिथवर पूर्वी जायचा तिथवरच आता थांबवता आला की हात बसला. त्यानंतरही नेम पुढे जात असेल तर आकडा थोडाथोडा खाली आणावा. सॅमसंगच्या फोनमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये Touch sensitivity असते, ती काच लावलेल्यांसाठी आहे. स्लीव्हने रेघ तुटत असेल तरच ती चालू करावी, कारण वाढलेली संवेदना घामाच्या थेंबालाही जास्त दाद देते.

स्लीव्ह घाम रोखत नाही, शोषते. कापड पसरून घेतं, हवेवर सुकवतं, पण त्यालाही मर्यादा आहे. सलग खेळात ती पूर्ण भिजली की जड होते आणि पुन्हा अंगठा ओढावा लागतो. त्यामुळे दोन जोड जवळ ठेवून मध्ये बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. खेळ झाल्यावर साध्या साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने धुवाव्यात, पिळू नयेत, सावलीत पसरून वाळवाव्यात. ब्लीच चांदीला खातं आणि फॅब्रिक कंडिशनर धाग्यावर मेणासारखा थर चढवतं, दोन्ही वर्ज्य. घामाने चांदी काळवंडते, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. रंग बदलला म्हणून ती टाकायची नाही, रेघ तुटायला लागली की टाकायची. काच दोन मॅचच्या मध्ये किंचित ओल्या मायक्रोफायबर कापडाने पुसावी. काचा पुसायचे अमोनियाचे स्प्रे आणि नेलपॉलिश रिमूव्हर लेपाचा बळी घेतात.

पावडरचा उपाय आपल्याकडे कुणाला तरी सुचणारच. टाल्कम पावडर लावलेलं बोट पाच मिनिटं मस्त चालतं. मग घामात मिसळून तिचा लगदा होतो, तो काचेवर ओघळतो आणि स्पीकरच्या जाळीत जाऊन बसतो. कॅरमची पावडर तर फोनजवळही आणू नये. ती बोरिक ॲसिड असते, आणि खेळता खेळता हात तोंडाकडे, डोळ्यांकडे जाणारच. स्वस्थ बसलेलं असतानाही ज्याचे तळहात कागद ओला होईल इतके पाझरतात त्याला मात्र यातलं काहीच पुरणार नाही. त्याने त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. ॲल्युमिनियम क्लोराइडच्या रात्री लावायच्या औषधापासून सुरुवात करून त्यावर नीट उपचार होतात.

दुकानात जायचं तर फोन घरीच पुसून, Pointer location चालू करून आणि स्वतःच्या स्लीव्ह खिशात घालून जावं. काच बसली की तिथेच उभं राहून चारही कोपऱ्यांतून मध्यापर्यंत सावकाश रेघा ओढाव्यात, आधी उघड्या बोटाने, मग स्लीव्ह घालून. एखाद्या कोपऱ्यात रेघ तुटली तर तिथे गोंद नीट बसलेला नाही किंवा खाली हवा राहिली आहे. बहुतेक दुकानदार समोर दोष दाखवला तर काच काढून दुसरी बसवून देतात. दुसऱ्या दिवशी परत गेलात तर तुम्हीच ती उचकटली असं ऐकून घ्यावं लागतं.